स्टुटगार्टचं वार्तापत्र : घरमालकिणीचं पहिलं पत्र

स्टुटगार्ट आणि मुंबई ही 1968 पासूनची भगिनी शहरं. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आणि सातारा-सांगलीकडच्या घरांतही जर्मन भाषेच्या शिकवणीची चौकशी सुरू झाली. शिकवणीत नोकरी, पगार, व्हिसा यांबद्दल पुष्कळ सांगितलं जातं. भाड्याच्या घरात पहिल्या दिवशी काय हाती पडतं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. म्हणून यावेळचं वार्तापत्र एका पत्राविषयी आहे.

हे पत्र घरमालक नव्या भाडेकरूला लिहितो. ते सगळेच लिहितात असं नाही. मोठ्या गृहनिर्माण कंपन्या छापील नियमावली देऊन मोकळ्या होतात. पण स्टुटगार्टच्या टेकड्यांवर तीन-चार मजली जुनी घरं आहेत. तळमजल्यावर मालक राहतात, वरचे मजले भाड्याने दिलेले असतात, म्हणजे रचना साताऱ्याच्या शाहूपुरीतल्या किंवा सांगलीच्या विश्रामबागेतल्या बंगल्यासारखीच. अशा घरात भाडेकरू किल्ली घेऊन वर जातो, तेव्हा ओट्यावर एक पाव, मिठाची पुडी आणि शेजारी दोन पानी पत्र ठेवलेलं सापडतं. नव्या घराला पाव आणि मीठ देणं ही जर्मनीतली जुनी रीत आहे. आपल्याकडे नव्या घरात दूध उतू घालवतात, त्याच जातीची.

मिरजेहून इथे मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आलेल्या एका तरुणाला गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर असंच पत्र मिळालं. घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. पहिल्या परिच्छेदात स्वागत, लांबून आलात तर आधी झोप काढा असा आपुलकीचा सल्ला, आणि काही अडलं तर संध्याकाळी सातपर्यंत खालची बेल वाजवा, असं आमंत्रण. त्यापुढे कामाच्या गोष्टी सुरू होतात, आणि खरी माया त्या कामाच्या गोष्टींतच आहे.

पहिला प्रश्न होता, बेलवर आणि टपालपेटीवर नाव काय लावायचं? वाचायला किरकोळ वाटतं. पण जर्मनीत इमारतीच्या पत्त्यात बहुधा फ्लॅटचा नंबर नसतोच. रस्ता, घराचा क्रमांक आणि आडनाव एवढाच पत्ता. पोस्टमन टपालपेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो, आणि नाव दिसलं नाही तर पत्र परत जातं. बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विमा कंपनीची कागदपत्रं, परदेशी नागरिक कार्यालयाची तारीख, सगळं इथे अजून टपालानेच येतं. त्यात मराठी माणसाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये असतं, कधी तिन्ही नावं एकाच रकान्यात पडलेली असतात. मग कंपनी एका नावाने पत्र पाठवते, बँक दुसऱ्याच. बाईंनी पत्रात आधीच लिहिलं होतं की पासपोर्टवर जसं आहे तसं आडनाव चिठ्ठीवर लिहून दारात अडकवा, उद्या पाटी लावते. या एका ओळीने पुढचे कित्येक हेलपाटे वाचले.

त्याच पत्राला एक कागद टाचलेला होता. भाडेकरू अमुक तारखेला या घरात राहायला आला, असं घर देणाऱ्याने सही करून दिलेलं प्रमाणपत्र. नोव्हेंबर 2015 पासून जर्मनीत ते बंधनकारक आहे. घरात आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात जाऊन पत्त्याची नोंद करावी लागते आणि ती या कागदाशिवाय होत नाही. भाडेकरार दाखवून भागत नाही. नोंद अडली की पुढची साखळी अडते: नोंदीनंतर कर-क्रमांक येतो, तो कंपनीला वेळेत मिळाला नाही तर पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. तो पुढे परत मागता येतो, पण पहिल्याच पगाराची निकड ज्याला असते त्याला ते वर्षभराने मिळून काय उपयोग? म्हणून सातारा-सांगलीहून येणाऱ्याने घर पाहतानाच विचारावं, हा कागद देणार ना? तो द्यायला मालकाने टाळाटाळ केली तर समजावं की घरात काहीतरी गडबड आहे. बहुधा तो स्वतःच भाडेकरू असतो आणि परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवत असतो.

पत्राचं अख्खं दुसरं पान खिडक्यांविषयी होतं. आपल्याकडच्या वाचकाला हे नवल वाटेल, पण जर्मनीत मालक-भाडेकरू यांच्यात जी भांडणं होतात त्यांतलं एक नेहमीचं कारण म्हणजे भिंतीवरची काळी बुरशी.

ती कशी येते ते नीट समजून घेण्यासारखं आहे. हिवाळ्यात बाहेर शून्याच्या आसपास तापमान असतं. खोलीत हीटरने वीस अंश राखलेले. खिडक्या इतक्या घट्ट बसतात की फटीतूनही वारा येत नाही. माणूस श्वास घेतो, अंघोळ करतो, कपडे खोलीतच वाळत घालतो. आणि मराठी स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या, भाताची वाफ, उकळती आमटी. ही सगळी वाफ हवेत साठते आणि बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, जिथे पृष्ठभाग सर्वांत गार असतो, तिथे जाऊन बसते. खोलीत वीस अंश आणि पन्नास टक्के दमटपणा असेल, तरी भिंत साधारण साडेबारा अंशांच्या खाली गेली की तेवढ्या जागी बुरशीला पुरेशी ओल मिळते. भिंतीवरून थेंब ओघळण्याची गरज नसते.

यावर उपाय सोपा, पण आपल्या सवयीच्या उलटा. बाईंनी लिहिलं होतं: दिवसातून तीन-चार वेळा हीटर बंद करून समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडा, पाच ते दहा मिनिटं, आणि मग पूर्ण बंद करा. खिडकी दिवसभर किलकिली ठेवू नका. किलकिल्या खिडकीतून हवा फारशी बदलत नाही, भोवतालची भिंत मात्र गार पडते आणि नेमकी तिथेच बुरशी धरते. अंघोळीनंतर आणि स्वयंपाकानंतर लगेच खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार तेवढा वेळ बंद ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, मागे हाताची चार-पाच बोटं जातील एवढी फट राहू द्या. कपाटावर त्यांनी एक छोटा आर्द्रतामापकही ठेवला होता. काटा साठच्या वर राहू लागला तर खिडकी उघडायची वेळ झाली, असं सोपं गणित.

मिरजेचा तरुण पहिला आठवडाभर खिडकी उघडायला धजला नाही. थंडीत खिडकी उघडून हीटरचा पैसा वाया का घालवायचा, हा त्याचा विचार अगदी साहजिक होता. सकाळी काचेच्या खालच्या कडेला पाण्याची रेघ दिसू लागली. हीच पहिली खूण. ती पुसून सोडून द्यायची नसते, त्या दिवसापासून हवा बदलायची असते. त्याने तसं केलं आणि रेघ गेली. हीटरचा खर्चही फारसा वाढत नाही, कारण दहा मिनिटांत हवा बदलते पण भिंती आणि सामान ऊब धरून असतात.

तरीही डाग आलाच तर तो लपवू नये. भाडेकरूने घरातला दोष मालकाला ताबडतोब कळवावा असं जर्मन कायदा सांगतो. न कळवल्याने नुकसान वाढलं तर भरपाई भाडेकरूवर येऊ शकते. फोटो काढावा, तारीख घालून लेखी कळवावं. दोष हवा न बदलण्याचा की भिंतीच्या बांधणीचा, हा वाद पुढचा, आणि जुन्या घरांत तो अनेकदा बांधणीचाही असतो.

स्टुटगार्टची खास गोष्ट पत्राच्या शेवटी होती: झाडलोटीचा आठवडा. या भागात प्रत्येक भाडेकरूच्या दारावर आलटून पालटून एक पाटी लटकते. पाटी ज्याच्या दारी, त्याने त्या आठवड्यात सामायिक जिना, तळघराची वाट आणि घरासमोरचा फुटपाथ झाडायचा, आणि बर्फ पडला तर कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत तो बाजूला करायचा. आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या दारी. आपल्याकडे जिना झाडायला बाई येते, त्यामुळे शिकल्यासवरल्या मुलाला सुरुवातीला हे अपमानास्पद वाटतं. इथे मात्र निवृत्त प्राध्यापकही शनिवारी हातात झाडू घेऊन जिन्यात दिसतात. नव्या माणसाची शेजाऱ्यांशी पहिली धड ओळख बहुतेक तिथेच होते.

आता सावधगिरीचा एक मुद्दा. पत्र कितीही गोड असलं तरी ते करार नव्हे. झाडलोटीची पाळी करारात किंवा कराराला जोडलेल्या नियमावलीत असेल तरच बंधनकारक. डिपॉझिटचंही तसंच. कायद्याप्रमाणे हीटर, पाणी वगैरे खर्च वगळून जे नुसतं भाडं असेल त्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही. नुसतं भाडं 600 युरो असेल तर कमाल 1800, आणि तेही तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. पहिला हप्ता राहायला येतानाचा. रक्कम मालकाला आपल्या पैशांपासून वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. पत्रात याबद्दल एक शब्द नसला तरी हा हक्क कमी होत नाही.

आपल्याकडे मालक-भाडेकरू यांच्यात जे बोलणं होतं ते तोंडी, दारात उभं राहून. कागद म्हणजे अकरा महिन्यांचा करारनामा, आणि अनेक घरांत तोही नोंदवायचा राहून जातो. 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंद नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. करारनाम्यात पाणी किती वाजता येतं, मीटर कुठे आहे, हे लिहिलेलं नसतं. नवा माणूस ते शेजाऱ्यांना विचारत विचारत शिकतो.

सांगलीतल्या मालकाने असं पत्र लिहायचं ठरवलं, तर त्यात खिडक्यांच्या जागी कृष्णा येईल. बाहेरगावहून शिकायला आलेला विद्यार्थी जूनमध्ये तळमजल्यावरची खोली घेतो, त्याला आयर्विन पुलावरच्या फुटांचा अर्थ ठाऊक नसतो. तिथे 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी धरतात, आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. म्हणून पत्रात चार गोष्टी असाव्यात: 2019 ला याच घरात पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, पुलावर किती फूट झाले की आपण सामान वर हलवतो, विजेचा मुख्य स्विच कुठे आहे, आणि कोणता रस्ता शेवटपर्यंत मोकळा राहतो. गादी आणि पुस्तकं वर ठेवायला माळ्याची किल्ली कुणाकडे मिळेल, हेही शेवटच्या ओळीत लिहून टाकावं.