रजा एक, साहेब दोन

लेखा विभागातल्या एका कर्मचारी बाईंची १ ऑक्टोबरपासून खरेदी विभागात बदली झाली आहे, असं समजू. केरळच्या सहलीची तिकिटं मात्र आधीच काढलेली आहेत. रजा सोमवार २८ सप्टेंबर ते सोमवार ५ ऑक्टोबर. २ तारखेची गांधी जयंती आणि पुढचे शनिवार-रविवार कंपनी रजेत धरत नाही, म्हणून खात्यातून पाचच दिवस जाणार. त्यातले तीन जुन्या साहेबांच्या हद्दीतले आणि दोन नव्या साहेबांच्या.

बाई १० सप्टेंबरला संगणकावर अर्ज टाकतात. बऱ्याच प्रणालींत अर्ज त्या दिवशी ज्यांचं नाव वरिष्ठ म्हणून नोंदलेलं असतं त्यांच्याकडेच जातो. जुने साहेब पाचही दिवस मंजूर करतात, पडद्यावर 'Approved' दिसतं आणि बाई निर्धास्त होतात. नव्या साहेबांना मात्र यातलं काहीच कळलेलं नसतं. १ तारखेला ते नव्या माणसाची वाट बघत बसतात.

याच्या उलटही घडतं. जुने साहेब अर्ज तसाच ठेवतात, १ तारखेला वरिष्ठांचं नाव बदलतं आणि अर्ज जुन्याच खात्यात अडकून पडतो. पगाराची हजेरी बंद होईपर्यंत तो सुटला नाही, तर ते दिवस बिनपगारी लागू शकतात. म्हणून अर्ज उघडून तो सध्या कोणाच्या नावावर थांबला आहे, ते बघावं. नाव जुनंच असेल, तर मनुष्यबळ विभागाला तो पुढे वळवायला सांगावं.

दोन्ही साहेबांचे प्रश्न वेगळे असतात. बाई २८ तारखेपासून नसल्या, तर जुन्या विभागात त्यांचा शेवटचा दिवस शुक्रवार २५ सप्टेंबर ठरतो. अर्धवट राहिलेली बिलं आणि फायली तोवर कोणाच्या ताब्यात दिल्या, हे जुने साहेब विचारणार. नव्या साहेबांना रुजू होण्याची तारीख हवी असते. ती इथे मंगळवार ६ ऑक्टोबर.

म्हणून बदलीचं पत्र हाती येताच दोघांना एकच मेल पाठवावा: "माझी रजा २८ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर आहे. ३० सप्टेंबरपर्यंतच्या तीन दिवसांना आपली आणि १ व ५ ऑक्टोबरला नव्या विभागाची मंजुरी हवी आहे. कामाचा ताबा २५ तारखेला देते, ६ तारखेला रुजू होते." मनुष्यबळ विभागाला प्रत द्यावी. प्रणालीत दोन मंजुऱ्यांची सोय नसेल, तर तारखेनुसार दोन अर्ज करावेत. दुसरा अर्ज वरिष्ठांचं नाव बदलल्यावरच नव्या साहेबांकडे जाणार असेल, तर त्यांचा मेलवरचा होकार त्याला जोडावा.

कंपनी तीच असल्यामुळे शिल्लक रजा सहसा बदलीबरोबर पुढे येते. नव्या साहेबांचा होकार मात्र वेगळा मागावा लागतो, आणि तो तिकिटं काढण्याआधी मागितलेला बरा.