तीन मुद्दे आणि एक शेरा

चाकणच्या एखाद्या कारखान्याचा लेखा विभाग डोळ्यांसमोर आणा. १८ ऑक्टोबरच्या संध्याकाळी तिथल्या एका कनिष्ठ लेखापालाला वित्तप्रमुखांचा मेल येतो आणि त्याची प्रत कारखान्याच्या प्रमुखांनाही जाते. मेल असा: ‘सप्टेंबरचा जीएसटी ताळमेळ पुन्हा उशिरा आला. बेरीज चुकली आहे. एका मोठ्या पुरवठादाराचं १,८०,००० रुपयांचं क्रेडिट घेतलेलंच नाही. तुमच्या कामात दरवेळी हाच निष्काळजीपणा दिसतो.’

असा मेल वाचून माणसाच्या मनात दोन उत्तरं येतात. एक, ‘सर, चूक झाली, सगळं दुरुस्त करतो.’ दुसरं, चार परिच्छेदांचं, रागानं लिहिलेलं. दुसरं घातक असतं हे सगळे जाणतात. पण या प्रसंगात पहिलंही तितकंच घातक आहे, आणि त्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही.

खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घ्यायचं तर पुरवठादारानं ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवलेलं असावं लागतं. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या पुरवठादाराला त्यासाठी पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत मुदत असते. १४ तारखेला पोर्टलवर खरेदीदाराचा तक्ता तयार होतो. लेखा विभागात त्याला ‘टू-बी’ म्हणतात. बिल त्यात नसेल तर त्या महिन्यात क्रेडिट नाही. आपल्या उदाहरणातलं बिल दहा लाखांचं, १८ टक्क्यांनी कर १,८०,००० रुपये. पुरवठादारानं विवरणपत्र ११ ऐवजी १३ ऑक्टोबरला भरलं, त्यामुळे ते बिल १४ ऑक्टोबरच्या टू-बीत आलं नाही. ते १४ नोव्हेंबरच्या टू-बीत येईल. म्हणजे लेखापालानं क्रेडिट घेतलं नाही हे बरोबरच केलं. साहेबांना घाबरून त्यानं ‘दुरुस्त करतो’ म्हटलं आणि २० तारखेच्या विवरणपत्रात ते क्रेडिट दाखवलं, तर कंपनी नसलेला हक्क सांगेल. पुढे विभागाची विचारणा आली की रक्कम परत करा, व्याज भरा, हे ओघानं आलंच. नम्रपणाचा असा खर्च कुणाच्याच हिशेबात नसतो.

म्हणून पहिलं काम मेल फोडण्याचं. एका कागदावर साहेबांची चारही वाक्यं वेगळी लिहावीत आणि प्रत्येकापुढे पुरावा मांडावा. अहवाल १६ तारखेला द्यायचा होता, गेला १८ ला: मान्य. बेरीज: एका क्रेडिट नोटवरचा ९,००० रुपयांचा कर दोनदा वजा झाला, म्हणून १२,४६,००० ऐवजी १२,३७,००० आले: मान्य. १,८०,०००: मान्य नाही, पुरावा हाताशी आहे. चौथं वाक्य मुद्दा नाही, शेरा आहे. त्यातला ‘निष्काळजीपणा’ सोडून द्यावा. ‘दरवेळी’ मात्र तपासून घ्यावं. एप्रिलपासूनच्या सहा अहवालांपैकी ऑगस्टचा आणि सप्टेंबरचा असे दोन उशिरा गेले, असं रजिस्टर सांगतं. मग तेच लिहावं. ‘दरवेळी म्हणणं चुकीचं आहे’ असं लिहिलं की भांडण सुरू होतं. सहापैकी दोन असं लिहिलं की कबुलीही होते आणि अतिशयोक्तीही आपोआप उतरते.

या तपासणीला वेळ लागतो आणि साहेब तर वाट पाहत असतात. म्हणून त्याच संध्याकाळी दोन ओळी पाठवाव्यात: ‘सर, मेल मिळाला. मुद्दे तपासून उद्या सकाळी ११ पर्यंत सविस्तर उत्तर देतो.’ विवरणपत्राची तारीख दोन दिवसांवर असताना याहून जास्त वेळ मागू नये. पूर्ण उत्तर लिहिताना पत्त्याचा रकाना रिकामा ठेवावा, म्हणजे अर्धवट मजकूर चुकून सुटत नाही. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. राग तेवढ्यात निवत नाही.

दुसऱ्या दिवशीचं उत्तर असं असू शकतं:

‘आदरणीय सर, सप्टेंबरच्या ताळमेळाबाबत आपण मांडलेले मुद्दे तपासले.

अहवाल मी दोन दिवस उशिरा दिला. एप्रिलपासूनच्या सहा अहवालांपैकी ऑगस्टचा आणि हा असे दोन उशिरा गेले. दोन्ही वेळा मी खरेदी नोंदींची जुळणी टू-बी आल्यावर सुरू केली. यापुढे ती १० तारखेलाच सुरू करीन.

बेरजेत मी एका क्रेडिट नोटवरचा ९,००० रुपयांचा कर दोनदा वजा केला. योग्य रक्कम १२,४६,००० रुपये आहे. दुरुस्त तक्ता सोबत जोडला आहे.

१,८०,००० रुपयांचं क्रेडिट या महिन्यात घेता येणार नाही. पुरवठादारानं विवरणपत्र १३ ऑक्टोबरला भरलं, त्यामुळे हे बिल १४ तारखेच्या टू-बीत नाही. ते १४ नोव्हेंबरच्या टू-बीत येईल आणि तेव्हा घेता येईल. पोर्टलवरची नोंद आणि खरेदी विभागाला मी १५ तारखेला पाठवलेला मेल जोडला आहे. हे अहवालाच्या शेऱ्यात लिहायला हवं होतं, ते मी लिहिलं नाही.

उद्याचं विवरणपत्र १२,४६,००० रुपयांनी भरायला आपली संमती हवी आहे.’

यात क्रम महत्त्वाचा. आधी मान्य मुद्दे, मग खुलासा. खुलासा आधी आला की पुढची कबुली नाइलाजानं दिल्यासारखी वाटते. कबुलीच्या वाक्याला ‘पण’ जोडू नये. ‘उशीर झाला, पण टू-बीच १४ ला येतो’ असं लिहिताच कबुली गेली, सबब उरली. आणि ‘उशीर झाला’पेक्षा ‘मी उशिरा दिला’ बरं. मराठीत चुका आपोआप ‘होतात’, ‘राहून जातात’. वरिष्ठांना नेमका तोच सूर खटकतो.

खुलाशात खरेदी विभागाचा उल्लेख आला आहे, ठपका आलेला नाही. त्यांनी पाठपुरावा केला की नाही, हे या उत्तराचं काम नव्हे. ‘मी आधीच कळवलं होतं’ हे वाक्यही टाळावं. जुना मेल जोडला की तो आपणच बोलतो. शेवटची संमतीची ओळ मात्र विसरू नये. तिच्यामुळे मेल गाऱ्हाण्यावरून कामावर येतो आणि साहेबांना ‘हो’ एवढंच लिहून विषय संपवता येतो.

प्रतीचं काय? कारखाना प्रमुखांना मूळ मेल गेला असेल तर उत्तरही त्यांना जावं, नाहीतर त्यांच्याकडे एकच बाजू राहते. नवं नाव मात्र वाढवू नये, लपवून तर नाहीच. मनुष्यबळ विभागाला परस्पर प्रत टाकली की साध्या खुलाशाची तक्रार होते.

उत्तर लागू पडलं की नाही, हे पुढच्या मेलवरून कळतं. तो तक्त्याबद्दल किंवा तारखेबद्दल असेल तर काम झालं. पुन्हा तुमच्या स्वभावाबद्दलच असेल, तर आणखी मेल लिहू नये. वेळ मागून समोर बसून बोलावं, आणि जे ठरेल ते दोन ओळींत लिहून पाठवावं.

मात्र ही पद्धत कामातल्या चुकांपुरतीच आहे. मेलमध्ये पैशांच्या अपहाराचा किंवा खोट्या नोंदी केल्याचा आरोप असेल, तर मुद्देसूद कबुली-खुलासा लिहायला बसू नका. ‘मेल मिळाला, लेखी उत्तर देईन’ एवढंच कळवा आणि आधी वकिलाचा सल्ला घ्या.