नववीचा पहिला धडा, एका कागदावर

राज्य मंडळाच्या नववीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या पुस्तकाची सुरुवातच ‘गतीचे नियम’ या धड्याने होते, आणि हा धडा लांबलचक आहे. अंतर आणि विस्थापन, चाल आणि वेग, त्वरण, आलेख, गतीची तीन समीकरणं, वर्तुळाकार गती, बल, न्यूटनचे तीन नियम, संवेग, आणि गोळी सुटल्यावर बंदूक मागे का सरकते याचं उत्तर, एवढं सगळं त्यात येतं. धडा संपेपर्यंत सुरुवातीला शिकलेलं विस्थापन मुलांच्या डोक्यातून उतरलेलं असतं. म्हणून अनेक शिक्षक शेवटी उजळणीचा एक कागद तयार करतात, त्याच्या झेरॉक्स वर्गात वाटतात आणि मुलं तो वहीत चिकटवतात.

असे बरेच कागद पाहिले तर त्यातला मोठा भाग पुस्तकाचीच छोटी आवृत्ती असते. ठळक व्याख्या, सूत्रं, एककं, सगळं बारीक अक्षरात, दोन्ही बाजू गच्च भरलेल्या. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलगा तो चारदा वाचतो, सगळं ओळखीचं वाटतं, आणि पेपरमध्ये साधा बदल करून विचारलेला प्रश्न त्याला सुटत नाही. कारण उघड आहे. जे आधीच येत होतं तेच कागदावर होतं. जिथे मुलं अडतात ती जागा कागदावर आलीच नव्हती.

चांगला कागद करणाऱ्या बाई किंवा सर आधी पुस्तक उघडत नाहीत. ते मुलांच्या वह्या काढून बसतात. धडा शिकवताना दिलेल्या गणितांत आणि छोट्या चाचणीत कोणत्या चुका पुन्हा पुन्हा आल्या, ते ते टिपून घेतात. यादी लांब होते, पण तिच्यातून तीन-चारच चुका निवडायच्या असतात. उरलेलं पुस्तकात आहेच. बंदुकीचा प्रतिक्षेप, वर्तुळाकार गतीची उदाहरणं, शास्त्रज्ञांची माहिती हे सगळं बाजूला ठेवायला धीर लागतो. कागदावर आलं नाही म्हणजे परीक्षेत येणार नाही, असा अर्थ मुलं काढतात, म्हणून तसं नाही हे वर्गात एकदा स्पष्ट सांगावं लागतं.

या धड्यात कागदाची अर्धी बाजू गतीच्या समीकरणांना द्यावी. ती तीनच आहेत:

v = u + at
s = ut + ½at²
v² = u² + 2as

मुलांना ती पाठ असतात. अडचण असते ती कोणतं समीकरण कधी घ्यायचं याची. यावर सोपी युक्ती आहे, आणि ती कागदावर लिहायलाच हवी. गतीतल्या पाच राशींपैकी प्रत्येक समीकरणात एक राशी नाही. पहिल्यात s नाही, दुसऱ्यात v नाही, तिसऱ्यात t नाही. गणितात जी राशी दिलेली नाही आणि विचारलेलीही नाही, ती ज्या समीकरणात नसेल ते घ्यायचं. एवढं कळलं की मूल अंदाजाने सूत्र लावायचं थांबतं. या तीन ओळींच्या वर एक अट मोठ्या अक्षरात हवी: त्वरण स्थिर असेल तरच. ही अट बऱ्याच कागदांवर नसते, आणि मग त्वरण सतत बदलत असलं तरी मुलं हीच समीकरणं लावून मोकळी होतात.

याच्या खाली एक गणित पूर्ण सोडवून दाखवावं. एकच, पण नीट निवडलेलं. समजा, एक बस ताशी ७२ किलोमीटर वेगाने चालली आहे. चालकाने ब्रेक दाबला आणि बस एकसारखा वेग कमी करत ५ सेकंदांत थांबली. तेवढ्या वेळात ती किती पुढे गेली?

आधी एकक बदलायचं. ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करायचे तर ५/१८ ने गुणायचं. ७२ चे २० होतात. शेवटचा वेग शून्य. पहिल्या समीकरणात ठेवलं तर ० = २० + ५a, म्हणजे a = −४ मीटर प्रति सेकंद वर्ग. उणे चिन्ह सांगतं की त्वरण वेगाच्या उलट दिशेला आहे. आता दुसरं समीकरण: s = २० × ५ + ½ × (−४) × २५, म्हणजे १०० − ५०. उत्तर ५० मीटर.

या गणिताची खरी गंमत चुकलेल्या उत्तरांत आहे. एखाद्या मुलाचं उत्तर १८० मीटर आलं, तर त्याने ७२ तसाच ठेवून गणित केलं. १५० मीटर आलं, तर एकक बरोबर बदललं, पण दुसऱ्या समीकरणात उणे चिन्ह विसरलं. शिक्षकाला अख्खी वही वाचावी लागत नाही, उत्तर पाहूनच चूक कुठे झाली ते कळतं. कागदावर गणिताच्या खाली हे तिन्ही आकडे द्यावेत, म्हणजे मूल स्वतःच आपली चूक शोधतं. मग त्याला लागूनच दुसरा प्रश्न, न सोडवता: तीच बस ताशी ३६ किलोमीटरने जात असती आणि ब्रेकने मिळणारं त्वरण तेवढंच असतं, तर? इथे वेळ दिलेली नाही, म्हणून तिसरं समीकरण. उत्तर १२.५ मीटर. वेग निम्मा केला, तर थांबायला लागणारं अंतर निम्मं होत नाही, चौथा हिस्सा होतं. शाळेसमोरच्या रस्त्यावर गाड्या सावकाश का चालवायच्या, हे या एका उत्तरातून मुलांना जसं पटतं तसं पाटी लावून पटत नाही.

कागदाची दुसरी बाजू बलासाठी. इथल्या चुका हिशेबाच्या नसतात, समजुतीच्या असतात, आणि त्या हट्टी असतात. वर उडवलेलं नाणं हे त्याचं जुनं आणि उत्तम उदाहरण. नाणं हातातून सुटून वर जात आहे. मधल्या एका क्षणी त्याच्यावर कोणती बलं आहेत? हवेचा विरोध सोडला तर उत्तर एकच आहे: पृथ्वीचं खाली ओढणारं बल. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले जॉन क्लेमेंट यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा प्रश्न अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना विचारला होता. बहुतेकांनी वरच्या दिशेला एक बाण काढला. हाताने दिलेलं बल नाण्यात अजून शिल्लक आहे, असं त्यांना वाटलं. जे मोठ्या मुलांचं झालं ते चौदा वर्षांच्या मुलांचं होणारच.

म्हणून इथे न्यूटनचा पहिला नियम पुन्हा छापून काही साधत नाही. नाण्याचं चित्र द्यावं, बाण देऊ नयेत आणि मुलाला काढायला सांगावेत. तीन चित्रं: वर जाताना, सर्वांत वर पोचल्यावर आणि खाली येताना. तिन्हींत बाण एकच, खाली, आणि सारख्याच लांबीचा. पहिल्या खेपेला वर्गात वरच्या दिशेचे बाण निघतात, आणि त्यावरच बोलायचं असतं: हे बल कोण लावत आहे? हात तर नाण्यापासून सुटला आहे. ज्या बलाचा लावणारा दाखवता येत नाही, तो बाण खोडायचा. ही कसोटी मुलांना एकदा लागू करता आली की धड्यातला अर्धा गोंधळ निवळतो.

तिसऱ्या नियमातली चूकही अशीच नेमकी. टेबलावर पुस्तक ठेवलं आहे. पुस्तकाचं वजन खाली, टेबलाचा आधार वर, दोन्ही समान, म्हणून ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी, असं मुलं लिहितात. कधी कधी गाइडमध्येही तसं छापलेलं असतं. ते चूक आहे. ही दोन्ही बलं एकाच वस्तूवर, म्हणजे पुस्तकावर आहेत. ती संतुलित बलं झाली. क्रिया आणि प्रतिक्रिया नेहमी दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात. जोडी ओळखायची असेल तर वाक्यातल्या वस्तूंची अदलाबदल करायची. टेबल पुस्तकाला वर ढकलतं, तर पुस्तक टेबलाला खाली ढकलतं. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, तर पुस्तक पृथ्वीला वर ओढतं. दुसरं वाक्य ऐकून वर्ग हसतो, पण ते खरं आहे. पृथ्वीचं वस्तुमान प्रचंड असल्याने तिची हालचाल जाणवण्याइतकी होत नाही, इतकंच. कागदावर पहिलं वाक्य द्यावं आणि दुसऱ्यासाठी रिकामी ओळ सोडावी.

रिकामी जागा हाच या कागदाचा कणा आहे. सगळं भरून दिलेला कागद मुलांना आवडतो, पालकांनाही आवडतो, पण तो वाचायचा कागद होतो. वाचणं आणि न पाहता आठवणं यांतला फरक हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली चांगला मोजून दाखवला. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विज्ञानावरचे छोटे उतारे दिले. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि नंतर तो बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर दोनदा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने घेतली तर पारडं फिरलं: दोनदा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के मजकूर आठवला, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. शाळेतली घटक चाचणी पाच मिनिटांनी होत नाही, ती आठवड्या-दोन आठवड्यांनीच होते. म्हणून बसच्या गणितातली एकक बदलण्याची पायरी, समीकरणांपुढची ‘कोणती राशी नाही’ ही जागा, बलाचे बाण, हे सगळं मुलाने स्वतःच्या हाताने भरायचं. उत्तरं वेगळ्या कागदावर, आणि ती दुसऱ्या दिवशी.

असा कागदही फसतो. ज्याला त्वरण म्हणजे काय हे मुळातच कळलेलं नाही, त्याला रिकाम्या जागा म्हणजे शिक्षा वाटते. तो शेजारच्याचं पाहून भरतो. हे ओळखायला एक तास पुरतो. कागद गोळा करायचे आणि तेच गणित आकडे बदलून फळ्यावर द्यायचं: ताशी ५४ किलोमीटर, ३ सेकंदांत थांबली. उत्तर २२.५ मीटर यायला हवं. ज्यांचे कागद पूर्ण भरलेले होते पण हे गणित कोरं राहिलं, त्यांना कागद नको आहे. त्यांना तोच भाग पुन्हा शिकवायला हवा, आणि तोही लहान गटात बसून.

पालकांनी एवढंच करावं. वहीत चिकटवलेला कागद मुलाने भरला आहे का, हे पाहून थांबू नये. चाचणीच्या चार-पाच दिवस आधी त्याला कोरा कागद द्यावा, वही मिटायला सांगावी आणि तीन समीकरणं, त्यांची अट आणि नाण्यावरचा तो एक बाण काढायला सांगावा. दहा मिनिटं लागतात, आणि विज्ञान येत नसलेल्या आईवडिलांनाही वहीशी ताडून पाहता येतं.