पानशेत, खडकवासला आणि पावसाची फोड

मागच्या व्याख्यानात आपण बाहेरून काहीही येत नसताना रेषीय प्रणाली कशी वागते ते पाहिलं. मॅट्रिक्सचे आयगेनव्हेक्टर काढले की प्रत्येक दिशेतली रक्कम आपापल्या दराने घटते, एवढं आपल्या हाती आलं होतं. आज त्या प्रणालीवर बाहेरून पाऊस पाडायचा आहे. उदाहरण आपल्या पुण्याचंच घेऊ. अंबी नदीवरचं पानशेत वर आहे, मुठेवरचं खडकवासला खाली. पानशेतमधून सुटलेलं पाणी खडकवासल्यात येतं. पानशेतची उपयुक्त साठवण सुमारे १०.६५ टीएमसी, खडकवासल्याची दोनच्याही आत. वरसगाव आणि टेमघर आज बाजूला ठेवू.

आपण एक गृहीत धरू: धरणातून पाणी सुटण्याचा वेग आतल्या जादा साठ्याच्या प्रमाणात असतो. जलशास्त्रात याला रेषीय जलाशय म्हणतात. पानशेतचा साठा x आणि खडकवासल्याचा y. हे साठे पावसापूर्वीच्या पातळीच्या वर किती, असे मोजायचे. धाकट्या धरणाचा दर मोठा, म्हणून पानशेतला १ आणि खडकवासल्याला ३ देऊ. हे आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून आपण निवडलेले आहेत, कुणी मोजलेले नाहीत. पाऊस जोरात सुरू होऊन ओसरत जातो आणि दोन्ही धरणांवर ४ आणि १ या प्रमाणात पडतो:

x' = -x + 4e^(-2t)
y' = x - 3y + e^(-2t)

अडचण दुसऱ्या ओळीत आहे. y चं समीकरण x वाचून सुटत नाही, दोघं एकमेकांत गुंतलेले आहेत. ही गुंतागुंत आयगेनव्हेक्टर सोडवतात. इथे आयगेनमूल्यं -१ आणि -३. पहिल्याचा व्हेक्टर (2, 1), दुसऱ्याचा (0, 1). मॅट्रिक्स लावून बघा: (2, 1) चं (-2, -1) होतं आणि (0, 1) चं (0, -3).

आता आजची मुख्य कल्पना. साठा तर आपण या दोन दिशांत मांडतोच, पण पाऊससुद्धा त्याच दोन दिशांत मांडायचा. पावसाला पानशेत, खडकवासला ही नावं ठाऊक आहेत. प्रणालीला मात्र तिच्या स्वतःच्या दिशाच कळतात. तेव्हा पावसाचं भाषांतर प्रणालीच्या भाषेत करायचं:

(4, 1) = 2·(2, 1) + (-1)·(0, 1)

पहिल्या दिशेला २, दुसऱ्या दिशेला उणे १. उणे पाऊस कसा पडतो, असा प्रश्न इथे हमखास येतो. तो कुठेच पडत नाही. २ पट (2, 1) घेताना खडकवासल्याच्या वाट्याला २ आले, प्रत्यक्षात तिथे १ च पडला. जास्तीचा १ परत घेतला, एवढाच त्या उणे चिन्हाचा अर्थ.

इथेच एक चूक फार वेळा होते. पूर्वी कुठेतरी शिकलेलं असतं की घटक काढायला अंतर्गुणाकार घ्यावा. तो घेतला तर पहिला घटक ९/५ येतो आणि दुसरा १. ताळा करा: १.८ वेळा (2, 1) अधिक (0, 1) म्हणजे (3.6, 2.8). हा आपला पाऊस नाही. अंतर्गुणाकाराची वाट आयगेनव्हेक्टर परस्परांना लंब असतील तरच चालते, आणि तशी खात्री मॅट्रिक्स सममित असताना असते. आपलं मॅट्रिक्स सममित नाही, कारण पाणी पानशेतहून खडकवासल्याला येतं, उलटं जात नाही. तेव्हा घटक हे दोन अज्ञातांची साधी समीकरणं सोडवूनच काढायचे.

फोड झाली की पुढचं काम सोपं आहे. पहिल्या दिशेतली रक्कम p आणि दुसऱ्या दिशेतली q म्हणू:

p' = -p + 2e^(-2t)
q' = -3q - e^(-2t)

आता कुणी कुणात गुंतलेलं नाही. p = c·e^(-2t) घालून पाहिलं की -2c = -c + 2, म्हणून c = -2. तसंच q साठी c = -1. दोन्ही परत एकत्र केले की विशेष उकल मिळते:

(x, y) = (-4, -3)·e^(-2t)

पाऊस पडतोय आणि साठा उणे? इथे जरा थांबू. विशेष उकल म्हणजे धरणात प्रत्यक्ष घडलेली गोष्ट असं समजू नये. समीकरण पाळणारी ती कुठलीतरी एक उकल आहे, तिने सुरुवातीची अट पाळलेली नाही. आपली अट अशी की t = 0 ला दोन्ही जादा साठे शून्य. त्यासाठी मागच्या व्याख्यानातल्या घटत्या उकली योग्य प्रमाणात मिळवायच्या, p मध्ये 2e^(-t) आणि q मध्ये e^(-3t). मग येतं:

x = 4e^(-t) - 4e^(-2t)
y = 2e^(-t) - 3e^(-2t) + e^(-3t)

हे दोन्ही कधीच उणे होत नाहीत. पाऊस सर्वांत जोरात t = 0 ला, पानशेत सर्वांत भरतं t = ०.६९ ला आणि खडकवासला ०.८६ ला. पुराचा माथा खाली उशिरा पोचतो हे आकड्यांत दिसलं. आणि बराच काळ गेल्यावर साठे २:१ या प्रमाणात उरतात. म्हणजे पहिला आयगेनव्हेक्टरच शिल्लक राहतो.

ही रीत कुठे अडते, तेही पाहू. घटक काढताना आपण नकळत पावसाचा दर वजा आयगेनमूल्य याने भागतो. पाऊस e^(-t) ने ओसरला तर पहिल्या दिशेत भाजक शून्य होतो. तेव्हा p = 2t·e^(-t) असं, t ने गुणलेलं उत्तर घ्यावं लागतं. पण तोच e^(-t) चा पाऊस फक्त खडकवासल्यावर पडला, तर पहिल्या दिशेचा घटक शून्य आहे आणि काहीच अडत नाही. नुसते दर जुळून भागत नाही, त्या दिशेला वाटा असावा लागतो.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. दोन्ही धरणांचे दर सारखे, १ आणि १, असते तर आयगेनव्हेक्टर एकच उरतो, (0, 1), आणि त्यात (4, 1) मांडताच येत नाही. तेव्हा आधी x सोडवून तो y च्या समीकरणात घालावा. हा धोका आधीच ओळखू येतो. दर १ आणि १.०१ असतील तर व्हेक्टर (0.01, 1) आणि (0, 1) होतात, आणि तोच पाऊस ४०० आणि उणे ३९९ अशा घटकांत फुटतो. लहानशा पावसाचे असे प्रचंड, एकमेकांना खोडणारे घटक आले, की व्हेक्टर जवळजवळ एकाच दिशेला आहेत असं समजावं. तिथे दशांशातली बारीक चूकही उत्तर बिघडवते.

शेवटी गृहीताकडे वळू. सांडव्यावरून वाहणारं पाणी उंचीच्या दीड घाताने वाढतं, प्रमाणात नाही. दरवाजे तर माणसं उघडतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या दिवशी बदललं ते मॅट्रिक्सच. आपली फोड मॅट्रिक्स स्थिर असेपर्यंतच खरी. धरण फुटल्यावर आयगेनव्हेक्टर जुने उरत नाहीत, आणि जुन्या दिशांत मांडलेला पाऊस आपल्याला काहीही सांगत नाही.