क्लॉक मंदावून न सुटणारी चूक

कारखान्यातून आलेली नवी चिप ठरल्या वेगाला चुकीची उत्तरे देऊ लागली, की अभियंता आधी क्लॉक मंद करून पाहतो. चूक गेली तर ती बहुधा सेटअपची असते. वेग कितीही उतरवला तरी चूक हलली नाही, तर संशय होल्डवर जातो.

चिपमधला फ्लिप-फ्लॉप एक बिट सांभाळतो. क्लॉकचा ठोका पडला की तो समोरचा बिट उचलतो. त्यासाठी ठोक्याच्या थोडे आधी बिट स्थिरावलेला हवा, हा सेटअप. ठोक्यानंतरही तो क्षणभर बदलता कामा नये, हा होल्ड.

सेटअपची शर्यत एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत चालते. एक गिगाहर्ट्‌झला दोन ठोक्यांत १००० पिकोसेकंद असतात. बिटला निघायला ६०, मधल्या गणिताला ९५० आणि सेटअपला ४० पिकोसेकंद लागले, तर बेरीज १०५० होते. क्लॉक ९०० मेगाहर्ट्‌झवर आणला की सुमारे ११११ मिळतात आणि काम भागते.

होल्डची शर्यत मात्र एकाच ठोक्याची आहे. चिपच्या चाचणीसाठी फ्लिप-फ्लॉप एकामागे एक जोडून स्कॅन चेन करतात. त्यांच्यामध्ये गणित जवळजवळ नसतेच, म्हणून ही चूक तिथे हमखास डोके वर काढते. समजा, तारेच्या लांबीमुळे दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपला तोच ठोका ५० पिकोसेकंद उशिरा पोचतो. त्यापुढे होल्डचे ३० धरले, तर त्याच्या दारातला जुना बिट ८० पिकोसेकंद टिकायला हवा. पहिल्याकडून नवा बिट ६० मध्येच येऊन थडकतो. दुसरा फ्लिप-फ्लॉप जुन्याऐवजी नवाच उचलतो आणि बिट एका ठोक्यात दोन घरे ओलांडतो. चेनमधून आकडे एक घर सरकून बाहेर येऊ लागले, की ही खूण ओळखावी.

या हिशेबात पुढचा ठोका कुठेच नाही. तो एका नॅनोसेकंदाने पडो वा एका मिनिटाने, ६० आणि ८० तसेच राहतात. स्कॅन चेन मुळातच मंद क्लॉकवर चालवतात, तरी ती होल्डमुळे मोडते, ती यामुळेच.

उपाय आराखड्यातच करावा लागतो. वाटेत बफर घालून बिटला किमान २० पिकोसेकंद रेंगाळवायचे, प्रत्यक्षात थोडे जास्तच. ठोका कुठे किती उशिरा पोचतो हे क्लॉकच्या तारा आखल्यावरच नेमके कळते, म्हणून हे काम त्यानंतर उरकतात. तपासणी विशेषतः सर्वांत चपळ निघू शकणाऱ्या चिपचे आकडे धरून करतात, कारण बिट तिथे सर्वांत लवकर पोचतो. बफर सरसकट घालून मात्र चालत नाही. गणिताच्या लांब वाटेत तो पडला, तर तिथला सेटअप बिघडतो.

व्होल्टेज किंवा तापमान बदलून एखादी चिप चालतेही, पण त्या भरवशावर माल विकता येत नाही. सेटअपला चुकणारी चिप कमी वेगाची म्हणून विकता येते. होल्डला चुकणाऱ्या चिपचा आराखडाच सुधारून ती पुन्हा बनवावी लागते.