कोणाचे तास जास्त झाले? : पिव्हट टेबलने आठवड्याचा हिशेब



बिदर असो, भालकी असो की आळंद, प्रत्येक शाळेच्या कार्यालयात हजेरीचे मस्टर असते. कोण कधी आले आणि कधी गेले हे त्यात लिहिलेले असते. पण ‘या आठवड्यात कोणावर कामाचा जास्त भार पडला?’ असे विचारले, तर मस्टर चाळून लगेच उत्तर देता येत नाही. हेच मस्टर संगणकावर घेतले, तर पिव्हट टेबल ते उत्तर देते. मात्र ते चुकीच्या रीतीने मांडले, तर चुकीचे उत्तरही तितक्याच रुबाबात देते. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

आधी प्रमाण ठरले पाहिजे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याला ४५ तास दिले आहेत आणि त्यात तयारीचा वेळही धरला आहे. पण हा आकडा किमान तासांचा आहे. इतके काम झालेच पाहिजे, असा त्याचा अर्थ. यापुढे काम देऊ नये, असे तो सांगत नाही. वरची मर्यादा हवी असेल तर ती विश्वस्त आणि कर्मचारी यांनी बसून ठरवावी आणि लिहून ठेवावी. मधली सुटी तासांत धरायची की नाही, हेही त्याच कागदावर असावे. रोजची अर्ध्या तासाची सुटी म्हणजे सहा दिवसांत तीन तास, आणि तेवढ्याने कोण मर्यादेच्या आत आणि कोण बाहेर हे बदलू शकते. आपण उदाहरणापुरती ४५ तास हीच वरची मर्यादा धरू आणि सुटी वेगळी वजा करणार नाही.

आता मांडणी. एका माणसाच्या एका दिवसासाठी एकच ओळ लिहायची. पहिल्या ओळीत मथळे द्यायचे: तारीख, आठवडा, विभाग, कर्मचारी, आले, गेले, तास. यांपैकी आठवडा आणि तास हे दोन रकाने हाताने भरू नयेत. दुसऱ्या ओळीपासून ही सूत्रे द्यावीत:

```
B2:  =A2-WEEKDAY(A2,2)+1
G2:  =(F2-E2)*24
```

पहिले सूत्र त्या आठवड्याच्या सोमवारची तारीख देते. त्यामुळे सोमवार ते शनिवारच्या सर्व ओळी एका तारखेखाली येतात, आणि डिसेंबर संपून जानेवारी लागला तरी आठवडा मधोमध तुटत नाही. दुसरे सूत्र आले-गेलेच्या वेळांतून तास काढते. G रकान्याला Number हे स्वरूप द्यावे.

तास हाताने का भरू नयेत, ते पाहा. कार्यालयातील एका लिपिकाने सहा दिवस रोज ७ तास ४५ मिनिटे काम केले. खरी बेरीज ४६.५ तास होते, म्हणजे मर्यादेपेक्षा दीड तास जास्त. पण पुष्कळ जण सवयीने `7.45` असे टाइप करतात. संगणक ते मिनिटे म्हणून वाचत नाही, दशांश म्हणून वाचतो. मग सहा दिवसांची बेरीज ४४.७ येते आणि तो लिपिक मर्यादेच्या आत दिसतो. टेबलने काही चूक केली नाही, पण माणसावर अन्याय मात्र झाला. म्हणून वेळ `17:30` अशी विसर्गचिन्हासारखे दोन टिंब देऊन भरावी.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण हमखास येते. एक जण विभागाचे नाव मराठीत लिहितो, दुसरा तेच कानडीत, तिसरा इंग्रजीत. आपल्याला तो एकच विभाग असतो, टेबलला मात्र तीन दिसतात. शब्दाचे स्पेलिंग किंचित वेगळे पडले तरीही तेच होते. टेबल तयार झाल्यावर आपले विभाग किती आणि टेबलमधले किती, हे आधी मोजावे. कर्मचाऱ्याचे नाव वेगवेगळे लिहिले गेले तर त्याचे तास दोन ठिकाणी वाटले जातात. म्हणून नावाऐवजी मस्टरमधील क्रमांक किंवा ठरलेले अक्षर वापरावे.

आता यादीत कुठेही क्लिक करून Insert मधून PivotTable निवडावे. Rows मध्ये प्रथम विभाग आणि त्याखाली कर्मचारी, Columns मध्ये आठवडा, आणि Values मध्ये तास ओढून न्यावे. तिथे Sum of तास दिसले पाहिजे. Count दिसले तर रकान्यात कुठेतरी रिकामी जागा किंवा आकड्याऐवजी अक्षरे आहेत, असे समजावे.

Rows मध्ये केवळ विभाग ठेवून थांबू नये. समजा विज्ञान विभागात तीन शिक्षक आहेत. क यांचे ३७.५ तास, ख यांचे ४०.५ आणि ग यांचे ५४. विभागाची बेरीज १३२. ही बेरीज ४५ शी ताडली, तर एकाहून जास्त माणसांचा जवळपास प्रत्येक विभाग मर्यादेबाहेर दिसेल. बरे, तिघांत भागली तर सरासरी ४४ येते आणि सगळे ठीक वाटते. पण ग यांनी नऊ तास जास्त काम केले आहे! मर्यादा माणसाची असते, विभागाची नाही. म्हणून ताडणीही माणसाच्या ओळीशीच करावी.

खूण करण्यासाठी एका कर्मचाऱ्याच्या तासांवर क्लिक करून Conditional Formatting मधील New Rule उघडावे. वर जे तीन पर्याय दिसतात, त्यांत शेवटचा, म्हणजे All cells showing "Sum of तास" values for "कर्मचारी" and "आठवडा" हा निवडावा. मग ४५ पेक्षा जास्त ही अट आणि लाल रंग द्यावा. असे केल्याने विभागाच्या आणि एकूण बेरजा उगाच लाल होत नाहीत. नवीन ओळी भरल्यावर टेबल आपोआप बदलत नाही. त्यावर उजवे क्लिक करून Refresh म्हणावे लागते. तसेच नव्या ओळी पहिल्या निवडीच्या खाली राहू नयेत, म्हणून सुरुवातीलाच यादी Ctrl+T ने टेबल करून ठेवावी.

लाल आकडा दिसला की लगेच निष्कर्ष काढू नये. ग यांच्या ५४ वर दोनदा क्लिक करावे. ज्या ओळींतून तो आकडा आला, त्या नव्या पानावर उघडतात. तिथे सात ओळी निघाल्या आणि बुधवार दोनदा आढळला, तर ती भरण्यातली चूक. सहाच ओळी आणि प्रत्येकी ९ तास निघाले, तर काम खरे आहे. आपल्या उदाहरणात तसेच निघाले. क एक दिवस रजेवर होते, त्यांचे वर्ग ग यांनी घेतले, शिवाय शाळा सुटल्यावर एसएसएलसीचे जादा वर्ग, शनिवारीही. एखादा आठवडा असा जाणारच. पण तेच अक्षर सलग तीन-चार आठवडे लाल राहिले, तर प्रश्न त्या शिक्षकाचा उरत नाही. तो रिकाम्या जागेचा किंवा वेळापत्रकाचा होतो आणि विश्वस्तांच्या बैठकीत यायला हवा.

एक गोष्ट मात्र हे टेबल कधीच दाखवणार नाही. घरी नेलेले वह्यांचे गठ्ठे मस्टरमध्ये नसतात, म्हणून टेबलमध्येही नसतात. कायद्याने तयारीचा वेळ कामातच धरला आहे. तेव्हा घरचे तास लिहायला एक जादा रकाना ठेवावा आणि तो भरणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा. नाहीतर सर्वांत जास्त राबणारा माणूसच टेबलमध्ये पांढरा राहील.