चालू खात्यात किती पैसे ठेवायचे?

चालू खात्यावर बँक व्याज देत नाही. तरीही औषधांचे अनेक ठोक व्यापारी तिथे बरीच रक्कम नुसती पडू देतात, कारण चेक परत गेला तर बाजारात नाचक्की होईल ही धास्ती. ही रक्कम नेमकी किती असावी?

1952 साली अमेरिकी अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल यांनी रोख रकमेकडे गोदामातल्या मालासारखं पाहिलं. समजा, वर्षाचा खर्च 40 लाख आहे. पैसा लिक्विड फंडात 6 टक्क्यांवर आहे आणि तो काढण्यात दर खेपेला मुनिमाचा वेळ, नोंदी वगैरे धरून 300 रुपये जातात. दुप्पट वार्षिक खर्चाला 300 ने गुणायचं, 0.06 ने भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. उत्तर येतं 2 लाख. म्हणजे वर्षात 20 खेपा, त्यांचे 6,000 रुपये. खात्यात सरासरी 1 लाख पडून राहतात, त्यांचं बुडालेलं व्याजही 6,000. दर खेपेला 1 लाख किंवा 4 लाख काढले, तरी एकूण खर्च 12,000 वरून 15,000 वर जातो, एवढंच. थोडं इकडेतिकडे झालं तर फारसं बिघडत नाही.

बिघडतं ते बॉमोल यांच्या गृहीतकात. पैसा रोज सारखाच खर्च होतो, असं ते धरतात. प्रत्यक्षात आज वसुली जोरात, उद्या शुकशुकाट. म्हणून मर्टन मिलर आणि डॅनियल ऑर यांनी 1966 मध्ये दोन मर्यादा आखल्या. त्यांच्या आत शिल्लक हवी तशी हेलकावू द्यायची, मर्यादा गाठली तरच हात घालायचा.

Z = ∛(3bσ² / 4i)

यात b म्हणजे तेच 300 रुपये, σ म्हणजे शिल्लक रोज साधारण किती हलते ते प्रमाण विचलन आणि i म्हणजे रोजचा व्याजदर. σ 20,000 धरली, तर Z सुमारे 82 हजार येतो. खालची मर्यादा सूत्र देत नाही, ती आपणच ठरवायची. फंडातून काढलेले पैसे सहसा पुढच्या कामकाजाच्या दिवशी मिळतात, त्यामुळे ती शून्य नकोच. 50 हजार ठेवली, तर वरची मर्यादा तीन Z वर, म्हणजे 2 लाख 96 हजार. तिथे पोचलो की जादा पैसे फंडात टाकून 1 लाख 32 हजारांवर यायचं, आणि 50 हजारांवर घसरलो तर फंडातून काढून तेवढ्यावरच चढायचं. हा आकडा पट्ट्याच्या मध्यावर नाही, खालच्या तिसऱ्या भागावर आहे, कारण पडून राहिलेला पैसा व्याज बुडवतो.

हमखास चूक होते ती i मध्ये. 6 टक्के 365 ने भागायचे राहिले, तर Z जेमतेम साडेअकरा हजार येतो. पट्टा इतका अरुंद होतो की दर दोन-चार दिवसांनी खेप पडते. तसं दिसलं की आधी हा भागाकार तपासावा. दुसरी चूक σ मध्ये. महिन्याच्या 20 तारखेचा जीएसटी आणि ठरल्या दिवसाचे पगार आधीच ठाऊक असतात. ते बाजूला न काढता हिशोब केला, तर चढउतार उगाच फुगतो.

आणि ज्याचं सीसी खातं आहे, त्याने या भानगडीत पडूच नये. आलेला प्रत्येक रुपया त्याच दिवशी कर्ज कमी करतो, लागेल तेव्हा परत काढता येतो, खेपेचा खर्चच उरत नाही.